डॉक्टर नावाचा अल्बम

मे महिन्यातली सकाळ होती आणि मी गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होते. जळगावचं ऊन नऊ वाजताच माणसाला खाली हाकलतं, म्हणून हात भराभर चालले होते. तेवढ्यात फोन वाजला. साक्रीकडच्या एका बाई बोलत होत्या. त्यांच्या मुलासाठी माझ्या मुलीचं स्थळ माझ्या भावानं सुचवलं होतं, एवढं मला माहीत होतं. बोलणं पुढं गेलेलं नव्हतं.

"ताई, फोटो दख्यात आम्ही," त्या अहिराणीत म्हणाल्या. "बठ्ठा दख्यात. पोर चांगली शे, शिकेल शे. एकच इचारनं व्हतं, राग नका मानजो. ते पोटवरना डाग वाढी राहिनात, का थांबनात?"

बठ्ठा, म्हणजे सगळे. मी ओला हात तसाच धरून उभी राहिले. माझ्या मुलीला कोड आहे. हनुवटीखाली, मानेवर आणि डाव्या हातावर पांढरे डाग आहेत, ते कोणालाही दिसतात. तिनं ते कधी पावडरीखाली लपवले नाहीत आणि ओढणीखालीही नाही. पण पोटावर आहेत हे तिला, मला, तिच्या बापाला आणि डॉक्टरांना सोडून कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. साक्रीच्या बाईंना तर मुळीच नाही.

"तुम्ही कुठं बघितलं?" मी विचारलं. माझा आवाज शाळेतला झाला होता. मी शाळेत शिकवते, आणि या आवाजाला शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा सरळ बसतात.

"तुमना भाऊनी लिंक धाडी ना वधू-वरना ग्रुपवर," त्या सहज म्हणाल्या.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या गच्चीवर समजलं. बिबड्या तशाच टाकून मी खाली आले. त्या वाकड्या वाळल्या, त्या वर्षी घरात नीट बिबडी तळली गेली नाही.

ते फोटो कसले होते ते आधी सांगते, म्हणजे माझा राग कळेल. मुलीचे उपचार सुरू झाले तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा. मागचा आणि आताचा शेजारी ठेवून बघितला की औषध लागू पडतंय की नाही ते दिसतं. मग आम्ही मायलेकी मागच्या खोलीत दार लावून, खिडकीजवळ हे काम करायचो. मान, खांदे, पाठ, कोपर, पोट. डागाशेजारी मी शाळेतली लाकडी पट्टी धरायची, म्हणजे तो किती मोठा ते कळावं. फोटो माझ्या फोनवर निघायचे आणि एका वेगळ्या अल्बममध्ये जायचे. त्या अल्बमला तिनं नाव दिलं होतं "डॉक्टर".

ती भुसावळला ज्युनिअर कॉलेजात शिकवते, रोज गाडीनं जाते-येते. स्वभावानं माझ्या अगदी उलटी. मी कडाडते, ती गप्प राहते. मुलाकडची माणसं बघायला आली की चहा यायच्या आधी ती स्वतः सांगायची, "मला कोड आहे, औषध चालू आहे, संसर्गाचा आजार नाही, काही विचारायचं असेल तर विचारा." दोनदा माणसं चहा न पिता उठली. तिसऱ्यांदा चहा पिऊन उठली. ती नंतर कपबश्या विसळताना म्हणाली, "निदान चहा तरी पिऊन गेले." मी त्या माणसांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही. पण सांगायचं की नाही, किती सांगायचं, कोणाला आणि कधी, हे ती ठरवत होती. तेवढीच गोष्ट तिच्या हातात होती.

आता माझा भाऊ. सोनगीरजवळ आमचं गाव, आणि धुळ्यात त्याचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान. माणूस वाईट नाही. हे वाक्य लिहिताना मला त्रास होतोय, पण खरं आहे. शेतकरी त्याच्याकडे रोगट पान घेऊन येतात, नाहीतर पानाचे फोटो पाठवतात. पूर्वी तो स्वतः बघून सांगायचा. आता दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो ते फोटो एका ऑनलाइन एआयच्या सेवेत चढवतो आणि विचारतो, हा कोणता रोग, काय मारू. उत्तर आलं की त्या संवादाची लिंक शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकतो, म्हणजे ज्याच्या केळीवर तसाच डाग असेल त्यानं बघून घ्यावं. उत्तर बरोबर निघालं की खाली अंगठ्याच्या खुणेवर टिचकी मारतो. त्याचा या सगळ्यावर भारी जीव. ते खातं औषध कंपनीच्या कुठल्यातरी सेल्समननं उघडून दिलेलं, फुकटातलं. पासवर्ड भावालाही ठाऊक नाही. कॉम्प्युटर चालू केला की ते आपलं उघडं असतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी मुलीला घेऊन माहेरी गेले होते. खापरावरचे मांडे, आमरस, अंगणात झोका, सगळं नेहमीसारखं. जेवणं झाल्यावर भाऊ म्हणाला, भाचीचा बायोडाटा मी करतो, मामाचा मान आहे तो. एक चांगला फोटो दे. मी झोक्यावरून उठायचा कंटाळा केला आणि म्हटलं, फोन घे, बघ तूच. भावाच्या हातात फोन देताना कोण विचार करतं. मला वाटलं, पिवळ्या साडीतला तिचा फोटो आहे, तो घेईल.

त्यानं तोही घेतला. आणि "डॉक्टर" अल्बम उघडून तो सबंध स्वतःला पाठवून घेतला.

त्या संध्याकाळी मुलगी कॉलेजचं सुट्टीतलं काम आटोपून भुसावळहून आली. मी तिला बसू दिलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं. माझं सांगणं कसलं, मी तिथंच भावाच्या सात पिढ्या काढल्या, ज्या माझ्याही आहेत. ती एवढंच म्हणाली, "लिंक आहे का?" साक्रीच्या बाईंकडून मी ती मागून घेतली होती. तिनं माझ्या फोनवर टिचकी मारली. कुठलं खातं मागितलं नाही, पासवर्ड मागितला नाही. ज्याच्याकडे ती लिंक असेल त्याच्यासाठी सगळं उघडं.

वर भावाचा मजकूर होता. तो मला शब्दशः आठवतो. "समोरून, मागून, सर्व बाजूंनी फोटो देत आहे. डाग कुठवर पसरले आहेत ते बघून सांग. मग लग्नाच्या बायोडाटासाठी पिवळ्या साडीच्या फोटोतले डाग काढून टाक." पानाबद्दल तो असंच लिहीत असणार. त्याखाली फोटो ओळीनं. मान, खांदे, पाठ, कोपर, पोट. प्रत्येकात माझी लाकडी पट्टी आणि ती धरणारा माझा हात, बांगड्यांसकट. माझ्या पोरीचं अंग मी माझ्या हातानं मोजून दाखवत होते, आणि वधू-वर ग्रुपवरचा कोणीही मामा-काका ते बघू शकत होता.

शेवटी तो तयार फोटो होता. पिवळी साडी तीच. मान गोरीपान, एकरंगी. डाग गेले होते, हनुवटीवरचा तीळही गेला होता आणि नाक जरा सरळ झालं होतं. खाली भावानं अंगठा दिला होता.

"ही कोण आहे?" मुलगी म्हणाली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, तिनं फोन पालथा ठेवला आणि हात धुवायला गेली. ती बराच वेळ हात धूत होती.

मी भावाला फोन लावला. तो दुकान बंद करत होता.

"तू माले इचारं का?" मी म्हणाले. "तिले इचारं का?"

"अक्का, तू उगाच तापी राहिनी. मी पोरना भलाकरताच करं ना."

"पोटना फोटो कशाले दिधात?"

"अक्का, एकच बाजूना फोटो दिधा तं मशीन चुकस. बठ्ठा देना पडतस." तो मला समजावून सांगत होता, जसं एखाद्या नव्या शेतकऱ्याला सांगावं. आणि लिंक का टाकली, तर तिथंच फोटो होता, तिथंच मजकूर होता, वेगळं काय पाठवायचं. शेतकऱ्यांना तो अशीच पाठवतो. त्यातून वरचं सगळंही उघडतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आलं असतं तरी त्याला त्यात काही वाटलं नसतं, असं माझं मत आहे.

मुलीनं माझ्या हातातून फोन घेतला. "मामा, ती लिंक बंद करा. आत्ता."

पाऊण तासानं त्याचा निरोप आला, सगळं काढून टाकलं, काळजी करू नका. तिनं लिंक पुन्हा उघडली. माझी पट्टी, माझ्या बांगड्या, सगळं जागच्या जागी. त्यानं ग्रुपवरचा निरोप फक्त स्वतःच्या फोनवरून पुसला होता. बाकीच्यांकडे तो तसाच होता, आणि सगळ्यांकडून पुसायची मुदत केव्हाच टळली होती. आणि कॉम्प्युटरवरचा तो संवाद त्यानं अर्काइव्ह नावाच्या जागी सरकवला होता, म्हणजे स्वतःच्या डोळ्याआड केला होता. गावात आम्ही मांजरीबद्दल म्हणतो ते त्याला लागू होतं, डोळे मिटून दूध पिणारी.

"उद्या आपण जाऊ," मुलगी म्हणाली. "त्यांनी आता कशाला हात लावायला नको."

दुसरा दिवस रविवार. एसटी एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत मी काय काय बोलायचं ते ठरवून टाकलं होतं. मुलगी खिडकीशी बसून त्या सेवेचे नियम वाचत होती, वाक्यावाक्याला थांबत. मधेच तिनं मला विचारलं, "आई, तुला माहीत आहे का, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत?" मी म्हटलं मला एकच माहीत आहे, तुझ्या मामाचा कान धरायचा. ती म्हणाली, लिंक ही एक गोष्ट, ती बंद केली की नवीन माणसाला दिसत नाही. फोटो त्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर साठवलेले असतात ही दुसरी. संवाद पुसला की तेही काढतात, पण लगेच नाही, महिनाभर लागू शकतो, आणि कायद्याचं काही कारण असलं तर जास्तही. आणि तिसरी, ते मशीन आपण दिलेल्यातून शिकतं की नाही. त्याचं एक बटण असतं. फुकटच्या खात्यात ते आधीपासून चालूच असतं, आपण बंद केलं तर बंद.

"मग बंद करू," मी म्हटलं.

"करू. पण ते इथून पुढचं बंद होतं. मागचं नाही."

बैल गेला आणि झोपा केला, असं काही माझ्या तोंडावर आलं होतं, पण तिच्याकडे बघून गिळलं.

हंगाम तोंडावर आल्यानं रविवारीही दुकान उघडं होतं. बियाण्यांच्या पिशव्यांची थप्पी, औषधांचा तो नाकात बसणारा वास, बाकावर दोन ओळखीचे शेतकरी चहा पीत बसलेले. भावानं "या अक्का, बस बेटा" केलं आणि चहा सांगितला. मी म्हटलं चहा नको. मुलगी काउंटरच्या आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली. मी तिच्या खुर्चीमागं उभी राहिले आणि भाऊ माझ्या शेजारी.

तिनं आधी सेटिंगमध्ये जाऊन वाटलेल्या लिंकांची यादी उघडली. पानंच पानं. कांद्यावरचा करपा, केळीची पिवळी पानं, कापसावरचा लाल्या, आणि त्यांच्यातच एक, "त्वचेवरील डाग काढणे". नाव मशीननंच दिलेलं. माझी लेक करप्याच्या आणि लाल्याच्या मधोमध. तिनं ती लिंक पुसली आणि लगेच माझ्या फोनवर उघडून बघितली. उघडली नाही. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मग तिनं अर्काइव्हमधून तो संवाद बाहेर काढला. पुसण्याआधी तिनं अंगठ्याच्या खुणेकडे बोट दाखवलं. "मामा, हे का दाबलंत?"

"काम चांगलं करं त्यानी, म्हनीसन."

"असा अंगठा दिला की तो सबंध संवाद शिकवणीसाठी घेऊ शकतात. बटण बंद असलं तरी. इथं तर बटणही चालूच आहे."

"शिकू दे ना त्याले," भाऊ म्हणाला. तो बाकावरच्या शेतकऱ्यांकडे बघून बोलत होता, पाठिंबा मागितल्यासारखा. "मी मुद्दाम चालू ठेयेल शे. आपला भागना पानं दखी दखी ते हुशार व्हई, त्यामा शेतकरीसना फायदा शे."

"पानाचं ठीक आहे, मामा."

"मग?"

"मी पान नाही."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की भावाला ते नीट ऐकूच गेलं नसावं. मला गेलं. तिनं संवाद पुसला. फोटोंची वेगळी साठवण असते तिथं जाऊन बघितलं, तिथं तयार केलेली ती गोरीपान मान शिल्लक होती, ती पुसली. त्या सेवेला काही लक्षात ठेवायची सोय असते, तिथं लिहिलेलं होतं, "वापरकर्त्याच्या भाचीला कोड आहे आणि तिच्यासाठी स्थळ पाहणे सुरू आहे." तेही पुसलं. मग शिकवणीचं बटण बंद केलं. शेवटी तिनं त्या कंपनीला विनंती लिहिली, माझे फोटो माझ्या परवानगीशिवाय चढवले आहेत, ते काढा. लिहिताना एकेक शब्द ती दोनदा वाचत होती.

एवढं होईपर्यंत भाऊ कंटाळला होता. आणि कंटाळलेला माणूस खरं बोलतो.

"एवढं काय शे त्यामा, अक्का?" तो मोठ्यानं म्हणाला. "काय चोरी करी का कोनी? घरनीच पोर शे, मामानी फोटो दखात तं काय व्हयनं? लपाडानं कशाले? मन्हं तं बठ्ठं उघडं शे, मी काहीच लपाडत नही."

बाकावरचे दोघं हसले. एकानं मान हलवली, भाऊ बरोबर बोलतो म्हणून.

आणि त्याच वेळी माझी नजर पडद्याच्या डाव्या बाजूला गेली. तिथं त्या खात्यातले सगळे जुने संवाद नावांनिशी ओळीनं उभे असतात. पानं, फवारणी, खत, पुन्हा पानं. आणि त्यांच्यामध्ये एक नाव असं होतं, जे पानाचं नव्हतं. भावानं स्वतःबद्दल काहीतरी विचारलं होतं. मशीननं त्या प्रश्नाला साधं, स्वच्छ, चार शब्दांचं नाव देऊन ठेवलं होतं, दुकानात येणाऱ्या कोणालाही वाचता येईल असं. ते वाचलं आणि मला सगळं कळलं. गेल्या वर्षापासून तो वहिनीशी तुटक का बोलतो, एकटाच नाशिकला का जाऊन येतो, तेही.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी मुलांना शाळेत शिकवते. ती म्हण माझ्यासमोर हाडामांसाची होऊन उभी होती. हा माणूस म्हणत होता माझं सगळं उघडं आहे. मी म्हटलं, बरं. मग उघडूच. माझ्या लेकीचं पोट साऱ्या समाजानं बघितलं, आता तुझंही या दोन माणसांना ऐकू दे. मी असल्या वेळी थांबणारी बाई नाही. मला मनापासून वाटत होतं की त्याला लागावं, जिथं तिला लागलंय तिथंच लागावं, आणि लोकांसमोर लागावं. मी बोट उचललं आणि तोंड उघडलं.

"मग हे काय शे, वाचू का?"

मुलीनं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, बांगड्या रुतल्या. दुसऱ्या हातानं तिनं पडद्यावरची ती बाजूची पट्टी मिटवून टाकली. माझ्याकडे बघितलंही नाही.

भावानं मात्र बघितलं. माझं बोट कुठं गेलं होतं ते त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरला, म्हणजे अक्षरशः खाली आला, आणि हात काउंटरच्या कडेवर गेला. बाकावरचे दोघं अजून हसत होते, त्यांना काही समजलं नव्हतं.

"मामा," मुलगी हळू आवाजात म्हणाली, फक्त आम्हा तिघांना ऐकू येईल असं. "ते तुमचं आहे. मी उघडलं नाही. पुसायचं असेल तर तुम्ही पुसा, या तीन टिंबांवर टिचकी मारायची, मग पुसा म्हणायचं. अर्काइव्ह नाही म्हणायचं."

ती खुर्चीवरून उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीवर बियाण्यांच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. मला म्हणाली, "आई, तूही इकडं बघ." मी वळले. रागानं माझे कान गरम झाले होते, पण वळले. आम्ही दोघी मे महिन्याची पानभर मोठी केळीची बाग बघत उभ्या राहिलो. मागं टिचकीचा आवाज आला, मग पुन्हा एकदा.

"बेटा," भाऊ म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "पुसं मी. पन ते शिकी गयं व्हई का?"

मुलगी वळली नाही. "माहीत नाही, मामा. बटण चालू होतं."

"कोनले इचारानं मग?"

"विनंती लिहिता येते. मी लिहिली तशी. पण शिकलं असेल तर ते बाहेर काढता येत नाही. आणि शिकलं की नाही, ते आपल्याला कोणी सांगत नाही."

मला आत कुठंतरी बरं वाटलं, हे मी कबूल करते. मला वाटलं, आता बस या उत्तराबरोबर. माझी लेक कालपासून बसली आहे.

मुलीनं त्याला वधू-वर ग्रुपवर एक निरोप लिहायला लावला. त्याच्याच शब्दांत, तिनं सांगितलं नाही काय लिही. त्यानं लिहिलं की भाचीचे फोटो मी तिला न विचारता टाकले, चूक माझी आहे, कोणी ठेवले असतील तर काढून टाका. लिहायला त्याला खूप वेळ लागला. बाकावरच्या शेतकऱ्यांना त्यानं बियाणं नंतर न्या म्हणून वाटेला लावलं. कोणी ठेवले, कोणी काढले, हे कळायचा काही मार्ग नाही. साक्रीच्या बाईंना मुलीनं स्वतः फोन केला. म्हणाली, ते फोटो डॉक्टरांसाठी होते, तुमच्यासाठी नव्हते, आणि त्यावरचा प्रश्न मला विचारायचा असतो, आईला नाही. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. स्थळ तिथंच संपलं. कोणी संपवलं ते तिनं सांगितलं नाही.

चहा शेवटी आम्ही घेतला. भावानं स्वतः आणला, बशीत सांडला.

त्यानंतर "डॉक्टर" अल्बम माझ्या फोनवर नाही. ती आता फोटो स्वतःच्या फोनवर काढते, कुलूप घातलेल्या जागी ठेवते. पाठीचे मात्र मीच काढते, तिथं तिचा हात पोचत नाही. पट्टी मीच धरते. पूर्वी ती त्या वेळी कॉलेजातलं काहीतरी सांगायची, आता सांगत नाही. फोटो झाला की आधी विचारते, "कुठं गेला नाही ना?" मी दर वेळी म्हणते नाही गेला. दर वेळी मला भावाचा तोच राग नव्यानं येतो. लोक म्हणतात, राग विझतो. माझा विझलेला नाही, आणि मी तो विझवायला बसलेलीही नाही.

भाऊ मात्र पुढच्या वेळी आला तेव्हा दारातच उभा राहिला आणि मुलीला म्हणाला, "येऊ का आत?" माझ्या घरात त्यानं असं कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "या, मामा."

वहिनीनं मला नंतर फोन करून विचारलं, त्या दिवशी दुकानात काय झालं, हे तेव्हापासून जेवत का नाहीत नीट. माझ्या नवऱ्यानं विचारलं, पडद्यावर होतं तरी काय. माझी मैत्रीण तर अजून विचारते. सांगायला माझी जीभ किती वळवळते ते मलाच माहीत. त्यानं माझ्या लेकीचं सगळं जगाला दाखवलं, आणि त्याचं चार शब्दांत सांगून होईल. बसमध्ये परत येताना मी तिला विचारलं होतं, तू का धरलास माझा हात, त्याला कळलं असतं. ती म्हणाली, "आई, त्यांचं होतं ते."

म्हणून इथंही लिहीत नाही.